मुदत वाढली म्हणजे नक्की काय झालं? व्याजदर बदलल्याची नोटीस पुन्हा लिहिताना

हा भाग ऐकून अनेकांनी सांगितलं की आकडे कानावरून निघून जातात, ते लिहून टाका. म्हणून हा लेख. बोलण्यातलं बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त गणितं नीट मांडली आहेत.

मी कर्जाचे हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. गृहकर्जाचा फ्लोटिंग, म्हणजे बदलता व्याजदर वरखाली झाला की कर्जदाराला जी नोटीस जाते, तिचा मजकूर आमच्या सिस्टीममध्ये एक टेम्प्लेट म्हणून बसलेला असतो. नाव, खाते क्रमांक आणि दर तेवढे बदलतात, बाकी मजकूर सगळ्यांना एकच. एका वित्तसंस्थेची ही नोटीस नव्याने लिहायचं काम आमच्या टीमकडे आलं. जुना मजकूर साधारण असा होता:

> आपणांस कळविण्यात येते की, बाह्य मानदंड दरातील बदलाच्या अनुषंगाने आपल्या कर्जखात्यावरील तरल व्याजदर पुनर्निर्धारित करण्यात आला असून त्यानुसार समान मासिक हप्ता / परतफेड कालावधी सुधारित करण्यात आला आहे. अधिक माहितीसाठी शाखेशी संपर्क साधावा.

वाचून सांगा, हप्ता किती झाला? कर्ज कधी संपणार? तुम्ही काही करायचंय का? तिन्हींचं उत्तर या मजकुरात नाही. शब्द जड आहेत हे खरंच, पण शब्द सोपे केले म्हणून ही उत्तरं येत नाहीत. ‘हप्ता / कालावधी’ मधली ती तिरकी रेघ बघा. दोन्हींपैकी नक्की काय बदललं, हेच पत्र सांगत नाही. आणि त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे काही लाखांचा फरक आहे.

अर्ध्या टक्क्याने काय होतं

नमुन्यासाठी आम्ही खराखुरा दरबदल घेतला. ३० सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.४०% वरून ५.९०% केला. समजा कर्जदाराचा दर ‘रेपो अधिक ३.१०%’ असा ठरलेला आहे. म्हणजे तो ८.५०% होता, आता ९.००% झाला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांत निदान एकदा तपासून बदलावा लागतो. यालाच रीसेट म्हणतात. आपल्या कर्जदाराचा रीसेट १ नोव्हेंबर २०२२ ला झाला असं धरू. त्या दिवशी बाकी मुद्दल ₹३०,००,०००, उरलेले हप्ते २४० आणि चालू हप्ता ₹२६,०३५.

आता एकाच महिन्याचा हिशोब करू. जुन्या दराने महिन्याचं व्याज ₹२१,२५० होत होतं. हप्त्यातले उरलेले ₹४,७८५ मुद्दलात जात होते. नव्या दराने व्याज ₹२२,५०० होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जायला उरतात फक्त ₹३,५३५.

गंमत इथेच आहे. दर वाढला अर्धा टक्का, पण मुद्दल फिटण्याचा वेग एकदम पाव भागाने कमी झाला. कर्ज जितकं नवं, तितका हप्त्यातला व्याजाचा वाटा मोठा, आणि तितका हा फटका जास्त. शेवटच्या चार-पाच वर्षांत असलेल्या कर्जाला तोच अर्धा टक्का जेमतेम जाणवतो.

हप्ता ₹२६,०३५ च ठेवला तर २४० ऐवजी २६८ हप्ते लागतात. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०४२ ऐवजी मार्च २०४५ मध्ये. मुदत तीच ठेवायची तर हप्ता ₹२६,९९२ होतो, म्हणजे महिन्याला ₹९५७ जास्त.

दोन्हींची बेरीज करून बघा. हप्ता वाढवला तर दरवाढीमुळे २४० महिन्यांत एकूण सुमारे ₹२.३० लाख जास्त जातात. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर सुमारे ₹७.०९ लाख. दर एक, कर्ज एक, तरी फरक पावणेपाच लाखांच्या पुढे.

आता या कर्जदाराचं वय ३८ आहे आणि नोकरी राज्य सरकारी आहे असं समजा. तिथे बहुतेकांचं निवृत्तीचं वय ५८. कर्ज घेताना त्याने बरोबर हिशोब केला होता, पगार थांबेल तेव्हा कर्जही संपेल. जुनी नोटीस वाचून त्याने ती बाजूला ठेवली, तर २८ हप्ते पेन्शनमधून भरायचे आहेत हे त्याला कळणारसुद्धा नाही. दरमहा कापली जाणारी रक्कम तीच राहते, त्यामुळे बँकेच्या मेसेजकडे बघून काही बदललंय अशी शंकाही येत नाही.

‘मुदतवाढ’ हा शब्द फसवतो

मजकुराचा पहिला नवा मसुदा आम्ही सोप्या मराठीत लिहिला: ‘आपल्या कर्जाची मुदत २८ महिन्यांनी वाढवण्यात आली आहे.’ मग तो टीमबाहेरच्या काही जणांना वाचायला दिला. त्यात माझी मावशी होती. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, “बरंय की गं. वाढवून दिली मुदत. सवलतच झाली ना?”

ती चुकत नव्हती. मराठीत मुदतवाढ मिळते ती अर्ज भरायला, दंडाशिवाय बिल भरायला, पीक विम्याला. मुदतवाढ ही आपल्याकडे कायम चांगली बातमी असते. त्यामुळे ‘मुदत वाढवली’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असलं तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात उलटं पोहोचतं.

आम्ही ते असं केलं: ‘तुम्हाला २८ हप्ते जास्त भरावे लागतील. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०४२ ऐवजी मार्च २०४५ मध्ये असेल.’ हे वाचल्यावर मावशीने लगेच विचारलं, “मग हप्ता वाढवून घेतला तर?” तो प्रश्न तिच्या मनात उभा राहिला, म्हणजे वाक्याने काम केलं.

‘रीसेट’ हा शब्दही आम्ही काढला. आपल्या पिढीला रीसेट म्हटलं की फोन आठवतो, सगळं पुसून नव्याने सुरुवात. ऑफिसमधल्या एका मुलाला खरंच वाटलं की कर्ज पहिल्यापासून सुरू होणार. ‘व्याजदर बदलला आहे’ एवढंच पुरतं. ‘तरल व्याजदर’च्या जागी ‘बदलता (फ्लोटिंग) व्याजदर’ आलं, कारण कर्ज घेताना माणसाने फ्लोटिंग हाच शब्द ऐकलेला असतो. आणि ‘५० बेसिस पॉइंटची वाढ’ काढून ‘८.५०% वरून ९.००%’ असे आधीचा आणि नंतरचा, दोन्ही दर लिहिले. नुसतं ‘०.५०% वाढ’ लिहिलं तर काही जण ८.५० चा अर्धा टक्का काढत बसतात.

पर्याय देणं बंधनकारक आहे

इथे नियम काय म्हणतो ते बघू. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने हप्त्याने फेडायच्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांबद्दल परिपत्रक काढलं. गृहकर्ज त्यातच येतं. दर बदलल्यामुळे हप्ता किंवा मुदत वाढणार असेल तर कर्जदाराला लगेच कळवायचं, असं त्यात आहे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी द्यायची. मुदतीआधी थोडी किंवा पूर्ण रक्कम भरायची मुभा ठेवायची. शिवाय दर तिमाहीला एक पत्रक द्यायचं: आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, हप्ते किती उरले, वार्षिक दर किती. आणि हे पत्रक साधं, समजेल असं हवं. जुन्या कर्जांनाही हे लागू करायला ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वेळ दिला होता.

म्हणजे ‘शाखेशी संपर्क साधावा’ हा पर्याय नव्हे. पर्याय तेव्हाच खरा, जेव्हा त्याच्यासमोर रक्कम आणि तारीख असते. आमचा शेवटचा मसुदा, वरच्याच नमुन्याचे आकडे भरून, असा झाला:

> तुमच्या गृहकर्जाचा व्याजदर १ नोव्हेंबर २०२२ पासून ८.५०% वरून ९.००% झाला आहे. तुमचा पर्याय २५ नोव्हेंबरपर्यंत कळवा.
>
> कशामुळे: रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.४०% वरून ५.९०% केला. तुमचा दर म्हणजे रेपो दर अधिक ३.१०%. हे ३.१०% बदललेले नाहीत.
>
> तुमची बाकी: ₹३०,००,०००. सध्याचा हप्ता ₹२६,०३५. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०४२.
>
> अ. हप्ता वाढवा. नवा हप्ता ₹२६,९९२. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०४२, बदल नाही. दरवाढीमुळे एकूण जास्त: सुमारे ₹२.३० लाख.
>
> ब. हप्ता तोच ठेवा. हप्ता ₹२६,०३५. २८ हप्ते जास्त भरावे लागतील, शेवटचा मार्च २०४५ मध्ये. एकूण जास्त: सुमारे ₹७.०९ लाख.
>
> क. दोन्ही थोडे. उदाहरणार्थ हप्ता ₹२६,५५०. १२ हप्ते जास्त, शेवटचा नोव्हेंबर २०४३ मध्ये. एकूण जास्त: सुमारे ₹४.३३ लाख.
>
> ड. आत्ता काही रक्कम भरा. ₹१,०६,४०० एकरकमी भरल्यास हप्ता ₹२६,०३५ आणि शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०४२, दोन्ही तेच राहतील. यासाठी शुल्क नाही.
>
> तुम्ही काही कळवले नाही तर पर्याय ब लागू होईल.
>
> हे आकडे दर ९.००% च राहील असे धरून काढले आहेत. दर पुन्हा बदलला तर आकडेही बदलतील.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. माझ्या मते ती ‘काही कळवले नाही तर’ ही. बहुतेक जण काहीच कळवत नाहीत, आणि न कळवणं हाही इथे निर्णयच ठरतो. तो निर्णय केवढ्याचा आहे ते आधी दिसलं पाहिजे.

पर्याय ड मध्ये शुल्क नाही असं आम्ही बिनधास्त लिहू शकलो, कारण व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड लावता येत नाही. स्थिर व्याजदराकडे जायचा पर्याय संस्थेच्या धोरणात असेल तर त्याचा दर आणि शुल्क वेगळ्या पानावर द्यायचं ठरलं. ते गणित वेगळं आहे, याच यादीत घातलं की सगळी यादीच गढूळ होते.

आणि हो, पत्राने कुठल्याही पर्यायाची शिफारस करायची नाही. ब महाग दिसतो, पण घरात एकच पगार आहे आणि नुकतंच बाळ झालंय अशा माणसाला आज महिन्याचे ९५७ रुपये जड असू शकतात. शिवाय २०४४ मध्ये भरायचे २६,०३५ रुपये आजच्या २६,०३५ इतके जड नसतील. त्याने ब निवडला तर तो त्याचा विचार. फक्त तो त्याने स्वतः निवडलेला असावा.

जिथे पर्याय ब अस्तित्वातच नसतो

मसुदा झाला आणि टेस्टिंगला गेला. तिथे एका प्रकारच्या खात्यांसाठी वेगळं पत्र लागणार हे दिसलं. ते समजायला २०२२ च्या सुरुवातीला जाऊ. तेव्हा रेपो ४.००% होता. कुणी ६.७०% दराने ३० लाख, २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता बसायचा ₹२२,७२२. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो सहा वेळा वाढून ६.५०% झाला. कर्जाचा दर झाला ९.२०%. या दराने ३० लाखांवर महिन्याचं व्याज होतं ₹२३,०००.

हप्ता २२,७२२ आणि व्याज २३,०००. म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही कर्ज दर महिन्याला वाढणार. अशा कर्जाची मुदत काढायला गेलात तर उत्तरच येत नाही. मधल्या काळात हप्ते भरून मुद्दल २९ लाख ४० हजारांवर आलं असेल तर उत्तर येतं, पण ते असतं ६३० हप्त्यांच्या पुढे, म्हणजे ५२ वर्षांहून जास्त. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मुदत वाढवताना व्याजही हप्त्यात न मावण्याची ही वेळ येऊ देऊ नका, असं स्पष्ट सांगतं. शिवाय प्रत्येक संस्थेची वयाची आणि एकूण वर्षांची कमाल मर्यादा असतेच.

म्हणून पत्र तयार होण्याआधी ही तपासणी लावली:

```python
import math

def hapte(muddal, dar, emi):
    r = dar / 1200
    if emi <= muddal * r:
        return None
    return math.ceil(-math.log(1 - muddal*r/emi) / math.log(1 + r))
```

`hapte(3000000, 9.0, 26035)` ला २६८ येतं. `hapte(3000000, 9.2, 22722)` ला `None`. `None` आलं किंवा मुदत कमाल मर्यादेपलीकडे गेली, की पत्रातून पर्याय ब जातो आणि त्या जागी येतं: ‘सध्याच्या हप्त्यात हे कर्ज ठरलेल्या मर्यादेत फिटू शकत नाही, त्यामुळे हप्ता किमान इतका करावा लागेल.’ मग ‘काही कळवले नाही तर’ ही ओळही बदलते, कारण तिथे ब लावताच येत नाही. एकच टेम्प्लेट सगळ्यांना पाठवण्यात खरा धोका इथे आहे. भाषा कितीही गोड असली तरी जो पर्याय नाही तो छापला की पत्र खोटं ठरतं.

हप्ता वाढणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ लागते. खात्यातून हप्ता आपोआप कापायची जी परवानगी आपण दिलेली असते, तिला कमाल रकमेची मर्यादा असते. नवा हप्ता त्यापेक्षा मोठा असेल तर तो कापला जात नाही, खात्यात पैसे असूनही. अशा खात्यांच्या पत्रात ‘नवी परवानगी भरून द्या’ हे तारखेसह येतं.

एसएमएसमध्ये किती मावतं

पूर्ण पत्र ॲपवर आणि ईमेलवर जातं, पण बहुतेकांना आधी दिसतो तो एसएमएस. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यात चारही पर्याय कोंबायचा प्रयत्न आम्ही सोडून दिला. दोनच गोष्टी ठेवल्या, काय झालं आणि कधीपर्यंत कळवायचं: ‘गृहकर्जाचा दर ८.५०% वरून ९.००%. पर्याय २५ नोव्हेंबरपर्यंत निवडा. पत्र ॲपमध्ये पाहा.’ हा मजकूर ७० अक्षरांच्या थोडा पुढे जातो आणि दोन भागांत जातो, ते चालतं. लिंक मुद्दाम दिली नाही. व्याजदराचा मेसेज आणि त्यात लिंक म्हटलं की शहाणा माणूस तो फसवणुकीचा समजून उडवतो, आणि बरोबरच करतो.

दर उतरतो तेव्हा

हीच गोष्ट उलटीही लागू आहे. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५०% वरून ५.५०% वर आला. दर उतरला की पुष्कळदा हप्ता तोच राहतो आणि हप्त्यांची संख्या कमी होते. २०२२ मध्ये ज्यांच्या न कळत २८ हप्ते वाढले, त्यांना हे सोयीचंच. पण ज्याला आत्ता हातात पैसे हवेत त्याला हप्ता कमी करून घेता येतो का, हे विचारायला हवं. त्यासाठी आधी कळायला हवं की दर बदललाय.

तुमच्याकडे किंवा आईबाबांकडे असं गृहकर्ज असेल तर या आठवड्यात तिमाही पत्रक काढा आणि त्यात एकच आकडा बघा: उरलेले हप्ते. कर्ज घेतलं तेव्हाचे एकूण हप्ते वजा आजवर भरलेले हप्ते, याच्याशी तो जुळतो का? जुळत नसेल तर मधल्या कुठल्यातरी दरबदलात तुमच्या वतीने निवड झालेली आहे. बँकेला लेखी विचारा: कोणत्या तारखेपासून, कोणत्या दराने, किती हप्ते वाढले, आणि मुदत पूर्वीची करायची असेल तर हप्ता किती होईल. उत्तर रकमेत आणि तारखेत मागा.